धागा: सिगारेटने कान जातात का? (आणि कानातली शिट्टी)

बॉक्सवाला | सोमवार, रात्री ११.४२

मंडळी, जरा गंभीर विषय आहे पण सुरुवात हास्यास्पद आहे.

माझा पॅकिंगच्या बॉक्सचा धंदा. मागच्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाईकाने फोनवर साठ बॉक्स सांगितले, मी आठ पाठवले. तो भडकला, मी म्हटलं अहो तुम्हीच आठ म्हणालात. दोन आठवड्यांनी दुसऱ्या पार्टीबरोबर हेच झालं, तेव्हा बायको म्हणाली की प्रॉब्लेम गिऱ्हाईकात नाही तुमच्यात आहे, टीव्हीचा आवाज बघा किती असतो ते. त्यातच गेलं वर्षभर रात्री आडवं झालं की कानात बारीक शिट्टी वाजते, कुकरची नाही, जुना टीव्ही चालू ठेवून आवाज बंद केला की जशी यायची तशी. दोन्ही कानांत.

शेवटी कानाची टेस्ट केली. वय ४७. खालचे सूर सगळे ठीक, १५-२० वर. २००० हर्ट्झला २५, ४००० ला ४५, ८००० ला ६०. दोन्ही कान जवळपास सारखे. डॉक्टरांनी मशीन बघून पहिला प्रश्न विचारला तो "सिगारेट किती?" मी चाट. फुफ्फुसाचं, हृदयाचं माहीत होतं, पाकिटावर चित्रच असतं. पण कान? दिवसाला १२-१४ ओढतो, २१व्या वर्षापासून.

खरंच संबंध आहे का, की हल्ली डॉक्टर सगळंच सिगारेटवर ढकलतात?

---

पुणेरी_खवचट | सोमवार, रात्री ११.५८

बायकोचं ऐकू येत नाही म्हणून टेस्ट केली असती तर निकाल नॉर्मल आला असता. धंद्यात नुकसान झालं तेव्हा कान दिसले.

---

सुगरण_७२ | मंगळवार, सकाळी ६.१५

अहो कानात धूर गेला तर कान बरा होतो असं आमच्याकडे म्हणायचे! मी लहान असताना कान ठणकला की आजोबा बिडी पेटवून कानात हळू फुंकर मारायचे आणि वर कापसाचा बोळा. थांबायचं सुद्धा. मग सिगारेटने कान जातो कसा? कोमट खोबरेल तेलात लसूण उकळून दोन थेंब टाकून बघा.

---

बॉक्सवाला | मंगळवार, सकाळी ९.०२

मावशी, मी कानात ओढत नाही हो, तोंडाने ओढतो 😀

---

कानाडोळा | मंगळवार, सकाळी ९.४०

सुगरणताई, तेल आणि लसूण दोन्ही कढईतच राहू द्या. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं, आणि असे कान मी दर पावसाळ्यात बघते. आजोबांच्या फुंकरीचा उबदारपणा तेवढा बरा वाटायचा, बाकी काही नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच आलेख काढते, म्हणून बॉक्सवाला यांना जरा सविस्तर लिहिते. तुमचं आठ-साठचं उदाहरण मी आता पेशंटना सांगणार आहे, इतकं नेमकं आहे. "आठ" आणि "साठ" यात फरक फक्त "स" चा. "आ" हा जाड, खालच्या सुराचा आवाज, तो तुम्हाला स्वच्छ ऐकू येतो. "स" मात्र बहुतेक ४००० हर्ट्झच्या वर असतो आणि मुळात हळू असतो, आणि तिथेच तुमचा कान ४५-६० डेसिबलने खाली आहे. वर फोनची लाईन वरचे सूर अजून कापते. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते चुकतं. या लोकांची तक्रार ठरलेली असते, "ऐकू येतं हो, पण हल्ली लोक पुटपुटतात."

आता संबंध आहे का तर हो, आहे. पण तुमच्या आलेखावरून हे "सिगारेटने झालं" असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. आलेखावर निकोटिनचा शिक्का नसतो. एक विचारते, आधी कधी मोठ्या आवाजात काम केलंय का?

---

बॉक्सवाला | मंगळवार, सकाळी १०.२५

हो ना. धंदा सुरू करायच्या आधी भोसरीला प्रेस शॉपमध्ये सहा वर्षं होतो. धाड धाड दिवसभर. कानात बोळे द्यायचे पण कोण घालतंय, बोळे घातले की सुपरवायझरचं ऐकू यायचं नाही आणि मग तो अजून ओरडायचा.

---

अर्धवट_वैद्य | मंगळवार, सकाळी ११.१०

सोपं आहे. सिगारेटने बीपी वाढतं, बीपी वाढलं की कानातल्या बारीक नसा फुटतात, रक्त साठतं आणि ऐकू कमी येतं. म्हणून रक्त पातळ करायची गोळी घेतली की कान सुधारतो. माझ्या मेव्हण्याला दिली होती.

---

कानाडोळा | मंगळवार, दुपारी १.३०

अर्धवट_वैद्य, अर्धं बरोबर आहे 😀 रक्ताचाच मामला आहे, पण नस फुटण्याचा नाही, पुरवठा कमी पडण्याचा. आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने कोणी घेऊ नका, ती कानासाठी नाहीच.

आतल्या कानाला रक्त कुठून येतं बघा. बाहेरच्या कानाला, गालाला, डोक्याच्या कातडीला चारी बाजूंनी नसा येतात, एक बंद पडली तर शेजारची सांभाळून घेते. आतला कान हाडाच्या आत बसलेला, वाटाण्याएवढा शंख. त्याला मेंदूकडून येणारी एकच बारीक धमनी. वाटेत दुसरीकडून कोणी येऊन मिळत नाही. एका गावाला एकच एसटी, ती चुकली तर जीप पण नाही.

आणि त्या शंखात काम काय चालतं? आतल्या भिंतीवर एक पट्टी असते, तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं, ती बॅटरीसारखी आतलं पाणी चार्ज ठेवते, साधारण ८० मिलिव्होल्टवर, दिवसरात्र, तुम्ही झोपला तरी. ही बॅटरी भरलेली असेल तरच केसांच्या पेशी आवाजाचं विजेत रूपांतर करतात. ऑक्सिजन जरा कमी पडला की चार्ज उतरतो. त्यात गंमत अशी की त्या केसांच्या पेशींना स्वतःच्या शेजारी रक्तवाहिनीच नाही. नाहीतर आपल्याच नाडीचे ठोके दिवसभर ऐकू आले असते, असं मानतात. त्यांना ऑक्सिजन पाझरून मिळतो, लांबून.

आता सिगारेट काय करते. एक, निकोटिनने नसा आवळतात. दोन, धुरातला कार्बन मोनॉक्साईड, तो रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. रक्त पोचतं पण त्यातल्या काही गाड्यांवर दुसराच माल भरलेला. तीन, हे वर्षानुवर्षं चाललं की नसांच्या भिंती जाड होतात आणि मग एक सिगारेट न ओढताही पुरवठा कमीच. पायाला, हृदयाला हे होतं तेव्हा दुखतं, दम लागतो. कानाला दुखणं नाही, तो फक्त वरचे सूर सोडत जातो.

---

टेलचा_शेतकरी | मंगळवार, दुपारी ३.४५

मॅडम छान लिहिलंत पण मला एक पटलं नाही. मी कॅनॉलच्या शेवटी शेती करतो. वर पाणी कमी सोडलं की पहिला फटका टेलच्या माणसाला, मुखाजवळच्याचा ऊस हिरवागारच असतो. मग शंखात जो सगळ्यात आतला, शेवटचा भाग आहे तो आधी वाळायला पाहिजे. बारीक सूर तर दाराजवळ असतात आणि जाडे सूर आत शेवटी, असं मुलाच्या पुस्तकात चित्र आहे. मग रक्त कमी पडल्याने बॉक्सवाल्यांचे बारीक सूर कसे गेले? जाडे जायला पाहिजे होते.

---

पुणेरी_खवचट | मंगळवार, दुपारी ३.५२

टेलच्या साहेबांना दंडवत. शेवटच्या बाकावरून हात वर झालाय, आता मास्तर बघा काय करतात.

---

कानाडोळा | मंगळवार, रात्री ९.२०

टेलचा_शेतकरी, दिवसभर पेशंट बघताना तुमचाच प्रश्न डोक्यात होता. हा प्रश्न विचारणारे विद्यार्थी मला वर्षाला एकदा भेटतात.

तुमचा तर्क चूक नाही. वयस्कर माणसांत, ज्यांना हृदयाचा किंवा नसांचा आजार आहे, त्यांच्यात जाडे सूर किंवा सगळेच सूर एकदम खाली गेलेले दिसतात. म्हणजे बॅटरीच उतरली की सगळ्या गावाचे दिवे मंद. तो टेलचा हिशोब तिथे बराचसा लागू पडतो.

पण मुखाजवळच्या, बारीक सुरांच्या पेशी जातात त्याचं कारण पाणी किती येतं एवढंच नाही, पीक कोणतं आहे हेही आहे. मुखाजवळ ऊस आहे, टेलला हरभरा. दोघांना सारखंच पाणी कमी केलं तर ऊस आधी माना टाकतो. त्या दाराजवळच्या पेशींना ऑक्सिजन जास्त लागतो, आणि ताणात शरीरात जो कचरा तयार होतो तो निस्तरायची त्यांची ताकद कमी असते. वाढतं वय, मोठा आवाज, काही औषधं, सगळ्यांचा पहिला वार तिथेच पडतो. धूरही त्याच रांगेत.

तरी सिगारेटने कोणती तोडफोड आधी होते, बॅटरी का पेशी, यावर आमच्या क्षेत्रात एकमत नाही. दोन्ही होत असावं, माणसागणिक प्रमाण वेगळं.

---

टेलचा_शेतकरी | मंगळवार, रात्री ९.४४

ऊस आणि हरभरा. बास, समजलं. बाकी आमच्याकडे टेललाही लोक ऊसच लावतात, हा वेगळा रोग.

---

इचलकरंजीकर | बुधवार, सकाळी ७.३०

आमच्या गल्लीत या. सगळा माग. वडील, चुलते, मी स्वतः बारा वर्षं मागावर होतो, एका शेडमधे चोवीस माग चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, नाहीतर हातवारे. आणि दर तासाला बाहेर येऊन बिडी. चाळिशीनंतर आमच्याकडे सगळेच मोठ्याने बोलतात, पाहुणे आले की त्यांना वाटतं घरात भांडण चाललंय. मग हे बिडीने झालं का मागाने? माझे चुलते बिडी ओढत नव्हते, माळकरी माणूस, तेही बहिरे झाले. म्हणून मी म्हणतो मागाचा दोष, बिडीला उगाच बदनाम करू नका.

---

राईन_काठी | बुधवार, दुपारी १२.०५ (इथे सकाळ)

इचलकरंजीकर, चुलत्यांचं उदाहरण दोन्हीकडून वाचता येतं ना. मागाचा आवाज एकटा पुरेसा आहे हे त्यातून कळतं, बिडी निर्दोष आहे हे नाही कळत.

मी आकडेमोडीतला माणूस (विमा कंपनी, जर्मनी), म्हणून काल रात्री बसून वाचलं. दोन अभ्यास कामाचे वाटले. एक अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावातला, १९९८ साली छापलेला, ४८ ते ९२ वयाचे पावणेचार हजार लोक. सिगारेट ओढणाऱ्यांत श्रवणदोष असण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या १.६९ पट. पण तो एका वेळचा फोटो आहे, आधी काय झालं ते कळत नाही.

दुसरा जपानचा, २०१८, तो मला जास्त पटला. जवळपास पन्नास हजार नोकरदार, २० ते ६४ वयाचे, सुरुवातीला ऐकू नीट येणारे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत १००० आणि ४००० हर्ट्झला कान तपासतात तिथे. आठ वर्षांपर्यंत बघत राहिले. ओढणाऱ्यांत बारीक सुरांचा धोका साधारण १.६ पट, जाड्या सुरांचा १.२ पट. दिवसाला जितक्या जास्त तितका धोका जास्त. आणि इचलकरंजीकर, तुमचा मुद्दा त्यांनी धरला होता, कामाच्या जागेच्या आवाजाचा हिशोब वजा करूनही फरक उरतो.

आता १.६ म्हणजे काय ते पण समजून घ्या नाहीतर व्हॉट्सॅपवर "सिगारेटने बहिरे व्हाल" असं फिरेल. समजा न ओढणाऱ्या शंभरात ठराविक काळात दहा जणांचे बारीक सूर गेले, तर ओढणाऱ्या शंभरात सोळा. सहा जास्त. चौऱ्याऐंशी जणांचं तेवढ्या काळात काही होत नाही, म्हणून प्रत्येकाला एक काका माहीत असतो जो ऐंशीव्या वर्षी बिडी ओढत टाचणी पडलेली ऐकतो.

---

पुणेरी_खवचट | बुधवार, दुपारी १२.२०

तो काका सगळीकडे असतो. त्याच काकाने हेल्मेट पण कधी घातलेलं नसतं.

---

कानाडोळा | बुधवार, दुपारी २.१०

राईन_काठी, माझं काम हलकं केलंत. माग आणि बिडी यात एकाला सोडून एकाला धरायची गरज नाही. मोठ्या आवाजात केसांच्या पेशी जादा काम करतात, त्यांना तेव्हाच ऑक्सिजन जास्त लागतो, आणि नेमकं त्याच वेळी बिडीने पुरवठा आवळलेला. दोन्ही एकत्र असतील तर नुकसान एकेकट्यापेक्षा जास्त दिसतं. "बिडी नैसर्गिक" म्हणणाऱ्यांसाठी, बिडी विझू नये म्हणून जोरात आणि वारंवार ओढावी लागते, कार्बन मोनॉक्साईड सिगारेटपेक्षा कमी नाही, उलट जास्तच.

आवाजाचं नुकसान आलेखात ओळखायची एक खूण आहे. नुसत्या आवाजाने गेलेला कान ४००० ला खड्ड्यात पडतो आणि ८००० ला परत जरा वर येतो. बॉक्सवाला यांचा ४००० ला ४५ आणि ८००० ला ६०, म्हणजे खड्डा नाही, उतार आहे. वय-धूर-रक्तपुरवठा या बाजूचा आकार. पण वय वाढलं की जुना खड्डा उतारात बुजून जातो, त्यामुळे भोसरीची सहा वर्षं मी माफ करणार नाही. माझा अंदाज विचाराल तर प्रेस शॉपने सुरुवात केली, सिगारेटने चालू ठेवलं. अंदाजच आहे.

दोन्ही कान सारखे आहेत हे मात्र चांगलं लक्षण. एकाच कानात शिट्टी किंवा एकच कान जास्त गेलेला असता तर मी आधी एमआरआय करून नसेवर गाठ नाही ना ते बघायला पाठवलं असतं, सिगारेटची चर्चा नंतर.

---

चहा_बिस्किट | बुधवार, संध्या. ६.३०

मी सिगारेट ओढत नाही, तरी रात्री उशीवर डोकं ठेवलं की कानात धड धड धड असं ऐकू येतं. हा पण तोच प्रकार का? घाबरले आहे.

---

कानाडोळा | बुधवार, रात्री ८.१५

तोच नाही. मनगटावर नाडी धरा आणि बघा कानातले ठोके नाडीबरोबर पडतात का. पडत असतील तर तो वेगळा विषय, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि गळ्याच्या-डोक्याच्या नसा तपासायला लागतात. बऱ्याचदा साधं काही निघतं पण कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना नाडीबरोबर येतात हे आवर्जून सांगा, नुसतं "आवाज येतो" म्हणू नका.

---

मशेरी_सोडलेली | बुधवार, रात्री १०.५०

माझी केस सांगते. सासरी मशेरीची सवय लागली, वीस वर्षं. धूर नाहीच. तरी मला शिट्टी आहे. सोडल्यावर पहिले पंधरा दिवस शिट्टी एवढी वाढली की वाटलं उलटंच झालं, परत लावायला घेतली होती. नणंदेने डबी फेकून दिली म्हणून वाचले. आता कमी आहे पण गेली नाही. मशेरीने पण रक्त कमी पडतं का?

---

बॉक्सवाला | बुधवार, रात्री ११.१५

हेच विचारणार होतो. सिगारेट ओढली की माझी शिट्टी पाच-दहा मिनिटं कमी वाटते. मग ती औषध का विष?

---

कानाडोळा | गुरुवार, सकाळी ९.५०

मशेरीत कार्बन मोनॉक्साईड नाही पण निकोटिन आहेच, म्हणजे नसा आवळायचा भाग राहतो. धुराइतका पक्का पुरावा कानाच्या बाबतीत मशेरी-तंबाखूचा नाही, तेव्हा "मशेरीनेच झालं" असं मी म्हणणार नाही.

शिट्टीचं बघा. ती बहुतेक वेळा कानात तयार होत नाही, मेंदूत होते. कानाकडून बारीक सूर यायचे थांबले की मेंदू व्हॉल्यूम वाढवून शोधत राहतो, स्टेशन लागत नसताना रेडिओचा आवाज चढवला तर खरखरच मोठी होते ना, तसं. म्हणून सिगारेट आणि शिट्टीचा संबंध मुख्यतः श्रवणदोषामार्गे जातो. ओढणाऱ्यांत शिट्टीचं प्रमाण जास्त सापडतं, पण श्रवणदोषाइतका तो संबंध सरळ नाही.

आणि मेंदूच्या बाजूला निकोटिन स्वतः खेळतं. सोडल्यावर पहिले काही आठवडे झोप उडते, चिडचिड होते, लक्ष शिट्टीवरच जातं, म्हणून ती वाढल्यासारखी वाटते. बॉक्सवाला, तुम्हाला ओढल्यावर कमी वाटते ती तलफ भागल्याची शांतता असण्याचीच शक्यता जास्त, कारण दर वेळी तलफेबरोबर ती परत येते. एक करा, दोन आठवडे वहीत लिहा, शिट्टी दहापैकी किती, शेवटची सिगारेट कधी, झोप किती, चहा किती. मी सांगण्यापेक्षा वही खरं सांगेल.

---

अर्धवट_वैद्य | गुरुवार, सकाळी १०.३०

मग रक्तपुरवठा वाढवायच्या गोळ्या देतात ना, जिंकगो वगैरे? मेव्हण्याला तीन महिने चालू होत्या. महाग असतात, म्हणजे काहीतरी असणारच.

---

कानाडोळा | गुरुवार, सकाळी ११.०५

महाग आहेत एवढंच त्यांच्याबद्दल खात्रीने सांगता येतं. जिंकगो शिट्टीवर चालतं असं चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही, अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तर ते देऊ नका असंच लिहिलंय. नळ अर्धा बंद ठेवून वर पंप बसवण्यासारखं आहे ते, आधी नळ सोडा.

एक सोडून. कोणाचा कान सकाळी उठल्यावर अचानक गेला, एका बाजूला एकदम बधिर, तर "मळ असेल, सर्दी असेल" म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे. तिथे स्टेरॉईड लवकर सुरू केलं तर कान परत यायची संधी असते, दोन आठवड्यांनंतर ती फार कमी होते. माझ्याकडे असे लोक महिन्याने येतात, तेल घालून झाल्यावर.

---

सुगरण_७२ | गुरुवार, सकाळी ११.४०

कळलं हो कळलं. तेल कढईत.

---

टेलचा_शेतकरी | गुरुवार, रात्री ८.००

मॅडम, शेवटचं. पाणी परत सोडलं तर पीक परत उठतं का? म्हणजे सोडली तर कान सुधारतो का, का फक्त राहिलेलं वाचतं?

---

कानाडोळा | गुरुवार, रात्री ९.३५

मेलेली पेशी उठत नाही. माणसाच्या कानात ती परत उगवत नाही, कोंबडीच्या उगवते (खरंच, पक्ष्यांत उगवते, त्यावर बरंच संशोधन चाललंय). त्यामुळे ६० चे २० होणार नाहीत. कार्बन मोनॉक्साईड मात्र फार लवकर जातो, रक्तातलं प्रमाण चार-पाच तासांत अर्धं होतं, दीड-दोन दिवसांत जवळपास साफ. दर तासा-दीड तासाला ओढणाऱ्याचं ते दिवसभर कधीच साफ होत नाही हा मुद्दा. नसांच्या भिंतींना वर्षं लागतात. राईन_काठींच्या जपानी अभ्यासातच सोडलेल्यांचा धोका पाच वर्षांच्या आत उतरलेला दिसतो ना?

---

राईन_काठी | गुरुवार, रात्री ११.१०

हो, सोडल्यावर पाच वर्षांच्या आतच. पण तो नवीन नुकसानाचा धोका, गेलेलं परत आलं असं नाही.

---

इचलकरंजीकर | शुक्रवार, सकाळी ७.१०

मी अजून माझ्या मतावर आहे की माग मोठा गुन्हेगार. पण बिडी साथीदार असेल तर असेल. धाकट्या भावाला ही लिंक पाठवलीय, तो अजून मागावर आहे आणि दोन्ही चालू आहे.

---

बॉक्सवाला | (सात आठवड्यांनी) रविवार, संध्या. ५.२०

धागा वर काढतोय, कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

वही लिहिली. कानाडोळा मॅडम, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, शिट्टी ज्या रात्री सर्वात जास्त त्या रात्री झोप पाच तासांच्या खाली होती, सिगारेटशी सरळ मेळ लागला नाही. फक्त ओढल्यावर जे कमी वाटायचं ते वीस मिनिटांत परत जिथल्या तिथे.

सोडायच्या क्लिनिकला एक फुंकायचं मशीन आहे, श्वासातला कार्बन मोनॉक्साईड दाखवतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी १९ आला. तिसऱ्या दिवशी, एकही न ओढता, ३. आकडा बघून बायकोने पहिल्यांदा विश्वास ठेवला. मधे एका लग्नात दोन ओढल्या, लपवत नाही. तेव्हापासून पाच आठवडे शून्य.

कानाची टेस्ट परत केली. तेच, ४५ आणि ६०, एका कानात ८००० ला ५५ आला तर मी खूश झालो, मॅडमनी सांगितलं पाच इकडे तिकडे मशीनमध्येच असतं. शिट्टी आहेच. आधी सात लिहायचो आता चार-पाच लिहितो, पण झोप पण सुधारली आहे त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं कळत नाही. कानाचं मशीन ट्रायलला घेतलंय, पहिल्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज इतका मोठा वाटला की दचकलो, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा कुकरच्या शिट्टीआधीची सूं सूं ऐकू आली.

गिऱ्हाईकांना सांगून टाकलंय, आकडा व्हॉट्सॅपवर टाका.

---

पुणेरी_खवचट | रविवार, संध्या. ५.३१

अभिनंदन. आता बायको काय म्हणते ते ऐकू येतं का?

---

बॉक्सवाला | रविवार, संध्या. ५.४०

येतं. मशीन काढून ठेवायचं बटण कुठे असतं ते मॅडमना विचारायचं राहिलं.

---

मशेरी_सोडलेली | रविवार, रात्री ९.०५

मशीनचा खर्च किती आला आणि एका कानाचं घेतलं तर चालतं का? मला पण दाखवायचंय.